ओळ संपेपर्यंत

मठातली पहिली घंटा पावणेचारला होते, पण पहिल्या दिवशी काशीराम त्याआधीच उठून बसला होता. खारवीवाड्यातल्या, मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला पहाटे उठायला कोणी शिकवावं लागत नाही. चाळीस वर्षं तो भरतीच्या वेळा बघून उठत आला होता. त्यामुळे मठाचे नियम सांगताना भिकाजीबुवा म्हणाले, "उठायचं जमेल ना?" तेव्हा त्याला जरा हसूच आलं होतं.

"जमेल," तो म्हणाला.

"उठणं सगळ्यांना जमतं," बुवा म्हणाले. "थांबणं जमत नाही."

त्याचा अर्थ काशीरामाला तेव्हा लागला नाही.

मंडणगडाकडच्या डोंगरात, रस्ता संपल्यावर अर्धा तास चालून गेलं की तो राममठ लागतो. कौलारू देऊळ, दोन्ही बाजूंना साधकांच्या खोल्या, मागे गोठा आणि खाली ओढ्याच्या कडेला पोफळीची बाग. राहणारे अकरा जण. भिकाजीबुवा त्यांतले सगळ्यांत वडील, सत्तरी उलटलेले, वाळलेल्या आमसुलासारखे सुरकुतलेले. मठ त्यांच्या शब्दावर चालायचा, पण ते शब्दच फार थोडे वापरायचे.

काशीरामाने हा मठ निवडला तो एका कारणासाठी. इथून समुद्र दिसत नव्हता आणि त्याची गाजही ऐकू येत नव्हती.

भाद्रपदात त्याचा धाकटा भाऊ मोरू समुद्रात गेला. होडीवर दोघेच होते. काशीराम तांडेल म्हणून सुकाणूवर, मोरू खलाशी. जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं, मोरू सोडवायला पाण्यात उतरला आणि लाटेने त्याला नेलं. असं काशीरामाने किनाऱ्यावर सांगितलं, पोलिसांना सांगितलं, मोरूच्या बायकोला, शकूला सांगितलं. तिसऱ्या दिवशी मोरू गुहागरच्या वाळूवर लागला तेव्हा त्याचं अंग बघवत नव्हतं. खडकांवर आपटला असणार, असं सगळे म्हणाले. काशीराम काहीच म्हणाला नाही.

मोरू त्याच्याहून तेरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा मोरू चार वर्षांचा होता. त्याला काशीरामानेच भरवलं, पोहायला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. काशीरामाची बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, तेव्हा मोरूचं घर तेच त्याचं घर. मोरूचे दिवस झाल्यावर त्याला झोप येईनाशी झाली. जेवण खाली उतरेना. गावातल्या कोणीतरी मठाचं नाव काढलं आणि शकूनेच त्याची पिशवी भरून दिली. "जा भावजी," ती म्हणाली. "तुमच्या जिवाला तरी बरा वाटू दे."

कार्तिकात तो मठात आला.

नव्या माणसाला पहिले चार महिने मौन. नामस्मरण, आरती आणि प्रार्थना एवढ्यालाच तोंड उघडायचं. दुपारी दोन ते तीन निरूपण असायचं, त्यात बाकीचे प्रश्न विचारत, नव्याने नुसतं ऐकायचं. पाटीवर लिहून दाखवायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, डोळ्यांनी खुणाही करायच्या नाहीत. "तेही बोलणंच," बुवांनी सांगितलं होतं. "जीभ बांधली आणि बोटं सोडली, तर काय उपयोग?" अगदी निकड पडली तर बुवांकडे जाऊन उभं राहायचं, ते परवानगी देत.

दिवस असा जायचा. पहिली घंटा झाली की विहिरीवर आंघोळ. साडेचारला काकड आरती. मग सहापर्यंत जप, श्रीराम जय राम जय जय राम, माळेवर, तेरा माळा. उजाडलं की सूर्यनमस्कार, मग अंगणात सडा, देवळात सारवण, गोठ्यातलं शेण, दूध. साडेसातला पेज. त्यानंतर अकरापर्यंत ज्याचं त्याचं काम. बाराला नैवेद्य आणि पंगत, पंगतीत पळीचा आवाज तेवढा. वामकुक्षी, निरूपण, मग उन्हं कलली की पोफळींना शिंपण. दिवेलागणीला धूपारती आणि सामुदायिक नाम. मऊभात खाऊन साडेआठला शेजारती, आणि तिथून पुन्हा काकड आरतीपर्यंत अख्ख्या मठाला मौन.

काम महिन्याला बदलायचं. आज ज्याच्याकडे गोठा, त्याच्याकडे पुढच्या महिन्यात झाडू. कोणालाही आपलं काम आपलं वाटू नये म्हणून. आणि घंटा झाली की हातातलं काम होतं तिथेच सोडायचं. घमेलं अर्धं भरलेलं असेल तर अर्धंच ठेवायचं. काशीरामाला हे फार जड गेलं. होडीवर तो तांडेल होता. कधी निघायचं, जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, सगळं त्याच्या तोंडून निघायचं आणि त्याचा हात शब्दाच्याही आधी चालायचा. इथे शेवटची चार झाडं शिंपायची राहिली आणि घंटा झाली की त्याचे हात शिवशिवत. एकदा त्याने घंटा झाल्यावरही चारही झाडं उरकली. दुसऱ्या दिवशी बुवांनी शिंपणाचं काम काढून घेतलं आणि त्याच्या हातात खराटा दिला. फणसाखालचा पाचोळा झाडायचा. झाडून पाठ वळवली की पुन्हा चार पानं पडलेली असत. महिनाभर तो तेच झाडत होता.

पण सगळ्यांत जड गेलं ते संध्याकाळचं नाम. साधक समोरासमोर दोन रांगा करून बसत. पहिल्या रांगेने ओळ म्हणायची, दुसरीने तीच ओळ परत म्हणायची. नियम एवढाच, की पहिल्या रांगेचं शेवटचं अक्षर पूर्ण विरल्याशिवाय दुसऱ्या रांगेने सुरू करायचं नाही. मध्ये एक श्वास जाऊ द्यायचा. शेजाऱ्याहून आवाज वर काढायचा नाही. काशीराम दुसऱ्या रांगेत होता आणि रोज सगळ्यांच्या आधी सुरू व्हायचा. समोरचा 'राम' अजून हवेत असायचा आणि याचा 'श्री' त्यावर जाऊन आदळायचा. नुसते सगळे थांबत, आणि पहिली रांग ती ओळ पुन्हा म्हणत असे. एकेका संध्याकाळी सहा-सहा वेळा.

पौष अर्धा सरला तेव्हा कधीतरी ते जमलं. कसं ते त्यालाही कळलं नाही. ओळ संपली, तो थांबला, आणि त्या थांबण्यात त्याला शेजारच्याचा श्वास ऐकू आला, गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. मग रांगेतले पाचही आवाज एकदम उठले आणि त्याचा आवाज त्यांत कुठे आहे हे त्याचं त्यालाच सापडेना. त्या दिवशी तो गाढ झोपला. भाद्रपदानंतर पहिल्यांदाच. पुढचे पंधरा दिवस त्याला वाटत राहिलं, की सुटलो. अंग हलकं झालं होतं. पेजेला चव लागत होती.

मग एका पहाटे जप करताना सातव्या माळेवर त्याला इंजिनाचा आवाज ऐकू आला.

आधी वाटलं, खालच्या रस्त्यावर जीप असेल. पण तो आवाज त्याच्या हाताच्या तळव्यात होता. मणी ओढणाऱ्या बोटांना गेअरचा दांडा लागत होता. त्याने जप जोरात सुरू केला, तरी आवाज गेला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सातव्या-आठव्या माळेला तेच. जागा तीच, वेळ तीच, आसन तेच. पळायला काही नव्हतंच. गावात असता तर उठून बंदरावर गेला असता, कोणाशी तरी चार शब्द बोलला असता, आणि त्या बोलण्यात पुन्हा लाट आली असती. लाटेची गोष्ट त्याने इतक्यांदा सांगितली होती, की ती लाट त्याला आता दिसायचीसुद्धा. इथे सांगायला कोणी नव्हतं. न सांगता सांगता लाट विरत गेली आणि तिच्याखाली जे होतं ते वर आलं.

लाट आलीच नव्हती.

होडी खडकांकडे सरकत होती. पंख्यात जाळं गुंडाळलेलं, इंजिन बंद. मोरूने सुरी दातात धरली होती. ती काढून तो म्हणाला, "दादा, मी हाक मारीन तेव्हाच गेअर टाक." आणि खाली गेला. काशीराम दांड्यावर हात ठेवून उभा होता. खडक जवळ येत होते. पाण्यावर जाळ्याचा कापलेला तुकडा तरंगत आला. सुटलं, असं त्याला वाटलं. मोरू दुसऱ्या बाजूने वर आला असेल, असं वाटलं. हाक आली नव्हती. त्याने इंजिन सुरू केलं आणि गेअर टाकला. खाली पंखा फिरला.

किती थांबायला हवं होतं? हे त्याला आता नेमकं कळत होतं. नामाच्या दोन ओळी होतील एवढंच. खडक तेवढ्यात काही आले नसते.

त्यानंतर संध्याकाळच्या नामात दोन ओळींमधला तो श्वास त्याला सहन होईना. रोज शंभर वेळा तो श्वास यायचा.

फाल्गुनात, मौनाचे शेवटचे आठ दिवस राहिले असताना, शकू आली. सोबत तिची बारा वर्षांची मुलगी मनस्वी. दाभोळची फेरीबोट, दापोली, मंडणगड अशा तीन ठिकाणी वाहन बदलत त्या पहाटे निघून दुपारी पोचल्या होत्या. शकूने देवापुढे नारळ ठेवला. बुवांनी काशीरामाला आधी बाजूला बोलावून घेतलं.

"घरचं माणूस आलंय," ते म्हणाले. "बोलायचं असेल तर बोल. मी परवानगी देतो."

काशीराम ओसरीवर येऊन उभा राहिला. बुवा पलीकडे खांबापाशी बसले. शकू वाळली होती. तिने वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मनस्वीलाही ठेवायला लावलं. त्याचे पाय मागे सरकले, पण मागे भिंत होती.

"भावजी, चेहरा निवळला तुमचा," शकू म्हणाली. "बरा झाला. मी दर गुरुवारी उपास धरतंय तुमच्यासाठी." मग तिने मनस्वीला गाईचं वासरू बघायला धाडलं आणि आवाज खाली आणला. "एकच विचारायचा होता. तेव्हा तुमची अवस्था बघून विचारवला नाय. पाण्यात उतरायच्या आधी ते शेवटचं काय बोलले? काय तरी बोलले असतील ना? एवढाच सांगा. मी रात्रंदिवस तोच विचार करतंय."

काशीरामाच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. शब्दन् शब्द. त्याने बुवांकडे पाहिलं. बुवा जमिनीकडे बघत बसले होते. मग त्याने दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले आणि मान खाली घातली. मौन आहे, एवढंच सांगणारे हात.

शकूचा चेहरा उतरला. पण लगेच तिनेही हात जोडले. "नको, नको. तुमचा नेम मोडू नका. माझाच चुकला." तिने डोळे पुसले, मनस्वीला हाक मारली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून दोघी उतारावरून निघून गेल्या.

त्या संध्याकाळी पहिल्या रांगेने ओळ म्हटली. श्वास गेला. दुसऱ्या रांगेत चार आवाज उठले. काशीरामाचा उठला नाही. शेजारतीपर्यंत त्याच्या तोंडून एकही नाम निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी पेज झाल्यावर तो बुवांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बोल," बुवा म्हणाले.

"काल मी नेम पाळला नाय," काशीराम म्हणाला. चार महिन्यांनी बोलताना स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. "मी लपलो."

"दिसलं मला. मौन म्हणजे आडोसा नव्हे."

मग त्याने सगळं सांगितलं. उभ्यानेच. सुरी, हाक, तरंगत आलेला तुकडा, गेअर. बुवांनी मध्ये एकदाही हूं म्हटलं नाही.

"मला वाटलेला इथे येऊन मन शांत होईल," काशीराम म्हणाला. "हे तर उलटाच झाला."

"लोक तसंच समजून येतात. हा दिनक्रम माणसाला निजवायला नाही बांधलेला, काशीराम. रोज तीच वेळ, तीच जागा, तेच नाम. बोलणं काढून घेतलं, घाई काढून घेतली, माझं-तुझं काम काढून घेतलं. मग जे उरतं ते माणसाला बघावं लागतं. आमच्या हातात एवढंच. बघितल्यावर पुढे जो तो बदलतो, नाहीतर गाठोडं उचलून निघून जातो."

"तुम्ही काय प्रायश्चित्त सांगाल ते करतो. उपास, लोटांगण, काय पण."

"मी कोण सांगणारा? तुझं काय ते माझ्याकडे नाही. तिने तुला एक विचारलं होतं. ते तिचं आहे. तिचं तिला दे."

"दिल्यावर मोकळा होईन मी?"

"मोकळं व्हायला जाणार असशील तर जाऊ नकोस," बुवा म्हणाले.

आठवडा काशीरामाने मठातच काढला, मौनाची मुदत पुरी केली. रोज झाडलं, जपाला बसला, इंजिन ऐकलं. नवव्या दिवशी काकड आरती झाल्यावर तो निघाला. दाभोळला फेरीबोटीवर चढताना चार महिन्यांत पहिल्यांदा खारा वारा लागला. पलीकडे धोपाव्याला उतरला, एसटीने वाडीत पोचला तेव्हा मनस्वी शाळेत होती. शकू घरापुढच्या खळ्यात सुकट पसरत होती.

"अगोबाई, भावजी! सुटला नेम? बसा, पाणी आणतंय."

"पाणी नको. तू बस."

ती बसली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. आधी तिने विचारलं होतं ते सांगितलं. "तो म्हणाला, दादा, मी हाक मारीन तेव्हाच गेअर टाक."

शकूने ते वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, सहा महिने हरवलेलं सापडावं तसं. मग ते जागच्या जागी थांबलं.

"मग?" तिने विचारलं. "मारली त्यांनी हाक?"

"नाय."

"मग?"

"मी थांबलो नाय, शकू."

सुकटावर कावळा येऊन बसला. तिने हाकलला नाही. काशीरामाने उरलेलं सांगितलं, काही गाळलं नाही. ती ऐकत होती का, हेच त्याला कळेना. शेवटी ती बोलली तेव्हा आवाज अगदी सपाट होता.

"खडकांनी झाला, म्हणालेले सगळे."

"हं."

"तुम्ही गप होता."

"हं."

"त्यांना मांडीवर घेऊन तुम्ही रडलात. मीच तुम्हाला धरला. मीच तुमची पिशवी भरली." ती उठून उभी राहिली. "तुम्ही डोंगरात बसून रामाचा नाव घेतलात. आणि मी इकडे उपास करत होते. कोणासाठी?" तिचा श्वास चढला होता. "लाट होती तोवर मी समुद्राला शिव्या देत होते, भावजी. आता मी कोणाला देऊ? घरात माणूस उरला होतात तुम्ही एक. तोही नेलात."

त्याने जमिनीवर डोकं टेकलं. माफी मागितली नाही. मागायला तोंडच नव्हतं.

"पोलिसात जातो मी," तो म्हणाला. "गावकीत सांगतो. तू म्हणशील तसं."

"नको!" ती एकदम ओरडली. मग रस्त्याकडे बघून आवाज दाबला. "मनस्वीला कळता नये. तिचा बाप गेला, काका तरी देवमाणूस हाय असा तिला वाटताय. तेवढा राहू दे तिच्याकडे. कोणाला काय सांगू नका. आणि या दारात येऊ नका. ती शाळेतून यायच्या आत जा."

तो उठला. खळ्याच्या दगडी गडग्यापर्यंत गेला असेल, तेव्हा मागून दाराची कडी वाजली आणि मग तिचा आवाज फुटला. मोरू गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. काशीराम गडग्याला धरून उभा राहिला. आत जाऊन तिला सावरायचा हक्क एकाच माणसाला होता, आणि तो हक्क आता त्यालाही उरला नव्हता. परतीच्या वाटेवर शाळा लागू नये म्हणून तो किनाऱ्याने गेला.

मठात तो पोचला तेव्हा दुसऱ्या दिवशीचं शिंपण चाललं होतं. बुवांनी विचारलं नाही, पण त्यानेच सांगितलं, "दिलं." आणि थोड्या वेळाने, "तिचं होतं नव्हतं ते गेलं."

बुवांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "राहतोस?" त्यांनी विचारलं.

"कुठे जाऊ?"

चैत्र गेला, पाऊस लागला. शिंपण थांबलं, चिखलात तणाची बेणणी सुरू झाली. काशीराम उठत होता, जप करत होता, घंटा झाली की हातातलं सोडत होता. कोणी नवा साधक ओळीवर ओळ चढवायचा, तेव्हा बाकीच्यांबरोबर तोही थांबायचा. इंजिन अजून यायचं. तो आता त्याच्यावर जप चढवत नसे. येऊ द्यायचा, जाईपर्यंत बसायचा. शांत झाला, असं त्याला कोणी म्हटलं असतं तर त्याने नाकारलं असतं. फक्त तो कशातूनही उठून जात नव्हता.

भाद्रपदात एका सकाळी मठाच्या फोनवर शकूचा निरोप आला. ती काशीरामाशी बोलली नाही. बुवांनाच सांगितलं आणि बुवांनी तो जसाच्या तसा त्याला सांगितला.

"मंगळवारी त्यांचं वर्षश्राद्ध आहे. भावजींनी येऊ नये. पण तिकडे असतील तिथे पाणी सोडावं. त्यांना लहानपणापासून सगळं दादाच्या हातचं लागायचं."

मंगळवारी पाऊस संथ पडत होता. काशीराम बागेखालच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उतरला. बुवा काठावर छत्री न घेता उभे होते. काळे तीळ आणि पाणी ओंजळीत घेऊन तो उभा राहिला. ओढ्याचं हे पाणी खाडीला मिळतं आणि खाडी समुद्राला, हे त्याला ठाऊक होतं. बुवांनी मंत्र सांगितला. मधली जागा त्याने भरायची होती, ज्याला पाणी द्यायचं त्याचं नाव घेऊन.

त्याला ते घेता येईना. ओंजळ गळून रिकामी झाली. काशीरामाने वाकून पुन्हा पाणी भरून घेतलं. तीही गळली.

तिसऱ्या वेळेला त्याने ते नाव घेतलं, धाकट्याला लहानपणी पाण्यातून बाहेर बोलावताना घ्यायचा तसं, मोठ्याने.